शेवटच्या ओळीबद्दल, तुम्ही विचारलंत म्हणून

"गाणं एवढं उदास, मग शेवट आशेचा कसा काय? आणि तो चिकटवलेला कसा वाटत नाही?"

आधी तो चिकटवलेलाच होता. बाबा गेल्यानंतर आईवर लिहिलेलं हे गाणं, मुखडा तुम्हाला पाठ आहेच: 'दोन कप मांडते अजून, एक गार होतो'. पहिल्या खर्ड्यात तिसरा अंतरा होता, पहाट, पाखरं, 'उद्या उजाडेल पुन्हा', आणि तिथे चालीत कोमल गंधार सोडून शुद्ध गंधार घेतला होता, वर बासरी. मला ते फार आवडलं होतं.

घरीच तालीम होती, आई दाराशी बसून ऐकत होती. दोन अंतरे होईपर्यंत हलली नाही, पहाट आली तशी उठून आत गेली. नंतर ओट्याशी मी विचारलं तर फडक्याने कप पुसत म्हणाली, "शेवटचं कोणाचं रे ते? माझं नाही." मला राग आला, खोटं कशाला सांगू. लोकांना घरी जाताना काहीतरी हवं असतं असं मी तिला ऐकवलंसुद्धा. पण रात्री ती ओळ दुसऱ्या एका जुन्या गाण्याच्या शेवटी म्हणून बघितली आणि बसली की! कुठेही बसणारी ओळ या गाण्याची कशी असेल?

दुसरी अडचण आपल्या भावगीताच्या बांधणीतच आहे, अंतरा संपला की मुखडा परत येतो, म्हणजे उजाडेल म्हणून झाल्यावर पुन्हा कप गारच. मग तिसरा अंतरा काढला आणि शेवटच्या मुखड्यातच एका शब्दाच्या जागी दोन घातले: 'दोन कप मांडते अजून, ये गं, गार होतो'. 'एक'पेक्षा 'ये गं' एका मात्रेने जास्त, म्हणून 'ये' आखूड घेतलाय. गंधार कोमलच ठेवला, बासरी बंद, आणि षड्जावर न येता त्या गंधारावरच थांबतो.

पण नुसतं तेवढ्यानेही भागलं नसतं. ही 'गं' कोण, ते आधी दिसायला हवं. म्हणून दुसऱ्या अंतऱ्यात शेजारीण बेल वाजवते, आई उठत नाही, ती थोडी थांबून जाते. आधी तिला परत पाठवलेलं असतं म्हणून शेवटी बोलावणं खरं वाटतं. दुःख आहे तिथेच आहे, कपही दोनच, फक्त दार उघडतं.

आता खरं सांगायचं तर आईने तेव्हा कोणालाच बोलावलं नव्हतं, काकू चहाला यायला लागल्या त्या पुष्कळ नंतर. म्हणजे हेही मीच घातलं, उजाडेल घातलं तसंच? माझ्याकडे याचं उत्तर नाही. एक मित्र म्हणतो बेलवरच संपव, आणि कधी कधी मी तिथेच थांबतो. आईसमोर मात्र पूर्ण म्हणतो.