मंदारवर कुणी हसत नाही

रात्रीचे पावणेदोन. झोप नाही.

संध्याकाळी आमच्याच फ्लॅटवर मी लिहिलेल्या विनोदी मालिकेचा पायलट, म्हणजे पहिला भाग, सगळ्यांनी मिळून वाचला. २८ पानं, हॉलमध्ये सतरंजीवर बसून, पात्रं वाटून घेऊन. शेवटी पक्याने सहज विचारलं, "मंदारवर कुणीच का हसत नाही रे?" आणि चहा टाकायला उठला.

मंदार म्हणजे मी, हे काय लपून आहे थोडंच.

हशा मिळाला तो बंड्याच्या बेलला. भाड्याच्या अ‍ॅग्रीमेंटवर तीनच नावं, बंड्या चौथा, म्हणून बेल वाजली की तो ताट उचलून बाल्कनीत जातो. पान २ वर हे पहिल्यांदा होतं. आधी तिथे मंदार म्हणायचा, "मालक असतील, याचं नाव नाहीये ना कागदावर." मागच्या वाचनात त्या जागी सगळे चिडीचूप. वाक्य उडवलं. आता तो नुसता उठून जातो, बाकीच्यांच्या गप्पा चालूच, आणि सुहास मागे न बघता बाल्कनीचं दार लोटतो. पान १२ वर पाऊस; बेल कचरेवाल्या मावशींची, आणि दार परत उघडायला सुहास विसरलाय. मग स्वतःच टॉवेल घेऊन धावतो. दोघं दिवसभर भांडतात, पण टॉवेल सुहासच आणतो. तेवढं पुरे, मैत्रीवर संवाद नको. पान २५ वर मालक खरंच येतात आणि दार बंड्याच उघडतो, त्याला वाटतं पिझ्झा आला.

(खरा बंड्या पक्याच. त्याला लागलं का, विचारलं नाही मी.)

पण मंदार? तो बघतो. शहाण्यासारखं एखादं वाक्य टाकतो. त्याला हवं असं काही नाही, म्हणून त्याचं काही फसत नाही, मग हसायचं कशाला? तीन वर्षं यांच्याबरोबर राहतोय, यांच्या सवयी टिपतोय, आणि माझ्यात कुणाला हसण्यासारखं काही सापडू नये? इतका मी बेचव? मंदारवर कुणी हसत नाही. पक्या किती सहज बोलून गेला.

पाणी प्यायला उठलो. फ्रीजवर सात चिठ्ठ्या. सगळ्या माझ्या. 'दूध उघडं ठेवू नये.' 'गीझर बंद केला का?' एकीखाली मी सही केलीये. तारखेसकट.

पंधरा मिनिटं ओट्याला टेकून एकटाच हसत होतो.

तर पान ४ वर मंदार एक चिठ्ठी चिकटवतो, कुणी वाचत नाही. पान १५ वर तिच्यावर कुणीतरी कांदे-बटाट्याचा हिशोब मांडलाय आणि मंदार चिडून नवी लिहितो. पान २५ वर बंड्या मालकांना सांगतो, "मी पाहुणा, काका, आजच आलोय." सगळं निभावतं. मालक पाण्याची बाटली काढायला फ्रीजकडे वळतात, आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मंदारची चिठ्ठी वाचतं: 'बंड्याने भाड्याचा चौथा हिस्सा ५ तारखेच्या आत द्यावा.'

अरे हो. उद्या मालक गीझर बघायला येणारेत. पक्याच्या नावाची ती तिसरी चिठ्ठी आत्ताच काढून येतो.