व्हीवॅपची वही, सहावा आठवडा: 64 बेसिस पॉइंट हवेत विरले

मागच्या नोंदीत मी थोडी फुशारकी मारली होती. एका स्मॉलकॅपमध्ये 1,200 शेअर घेतले, सरासरी पडली 413.45 आणि त्या दिवसाचा व्हीवॅप, म्हणजे व्हॉल्यूमच्या वजनाने काढलेला सरासरी भाव, निघाला 416.10. म्हणजे प्रत्येक शेअरमागे 2 रुपये 65 पैसे स्वस्त, जवळपास 64 बेसिस पॉइंट, एकूण 3,180 रुपये. एक्सेलच्या त्या खान्याला मी हिरवा रंगही देऊन टाकला होता. या आठवड्यात तीच ऑर्डर पुन्हा उलगडून बसलो आणि तो हिरवा रंग पुसावा लागला.

माझी खरेदी सकाळी 10:20 ते 11:00 या चाळीस मिनिटांत झाली. कंपनीचे तिमाही निकाल दुपारी एकनंतर आले आणि भाव 420 च्या पार गेला. दिवसभराचा व्हीवॅप त्या दुपारच्या व्हॉल्यूमनेच वर ओढला होता. माझी ऑर्डर संपली तेव्हा त्यातला बहुतेक व्यवहार झालेलाच नव्हता. त्या दिवशी सकाळी कोणीही, कितीही गबाळेपणाने खरेदी केली असती तरी दिवसाच्या व्हीवॅपच्या खालीच बसली असती. निकालानंतर भाव पडला असता तर हीच खरेदी लाल खान्यात गेली असती. त्यात ऑर्डर कशी टाकली याचा काही संबंध नाही.

म्हणून आता तुलना फक्त खिडकीशी: पहिली ऑर्डर टाकल्यापासून शेवटचा फिल मिळेपर्यंतच्या व्हीवॅपशी. हा काढायला सगळे टिक साठवून ठेवायची गरज नाही. एक्सचेंजच्या कोटमध्ये दिवसाचा आतापर्यंतचा सरासरी भाव आणि एकूण व्हॉल्यूम येतो. दोघांचा गुणाकार म्हणजे आतापर्यंतची उलाढाल. खिडकीच्या दोन टोकांची उलाढाल वजा करायची आणि व्हॉल्यूमच्या फरकाने भागायचे. प्री-ओपनमध्ये झालेले सौदेही या वजाबाकीत आपोआप कटतात, ही वरकड सोय.

```python
def window_vwap(a1, v1, a2, v2):
    return (a2*v2 - a1*v1) / (v2 - v1)

def slip_bps(side, px, bench):
    s = 1 if side == "BUY" else -1
    return s * (px - bench) / bench * 1e4
```

10:20 ला सरासरी 410.42 आणि व्हॉल्यूम 41,000 होता. 11:00 ला सरासरी 410.90, व्हॉल्यूम 50,600. खिडकीत 9,600 शेअर फिरले आणि व्हीवॅप आला 412.95. माझी सरासरी 413.45. म्हणजे 50 पैसे महाग, 12 बेसिस पॉइंट, 600 रुपये. 3,180 च्या कमाईचे झाले 600 चे नुकसान, आणि ऑर्डर तीच.

(`slip_bps` मध्ये अधिक म्हणजे महागात पडले, उणे म्हणजे वाचले, खरेदी असो की विक्री. पहिले दोन आठवडे मी विक्रीचे चिन्ह उलटे लावत होतो. जितका वाईट विकायचो तितकी वही खूश.)

या वजाबाकीत एक खोच आहे, ती लक्षात यायला मला बराच वेळ लागला. कोटमधला सरासरी भाव दोनच दशांशांपर्यंत असतो, म्हणजे त्यात अर्ध्या पैशापर्यंत चूक असू शकते. अर्धा पैसा काहीच नाही असे वाटते, पण तो दिवसाच्या संपूर्ण व्हॉल्यूमने गुणला जातो आणि भागला जातो फक्त खिडकीच्या व्हॉल्यूमने. सकाळच्या माझ्या आकड्यांत दोन्ही टोकांची चूक मिळून जास्तीत जास्त 5 पैशांची गडबड होते, ती चालते. पण दुपारी पावणेतीनच्या सुमारास व्हॉल्यूम 2,90,000 चा 3,00,000 झाला, तर त्या 10,000 शेअरच्या खिडकीत चूक 30 पैशांपर्यंत जाते. मी मोजतोय 50 पैशांचे स्लिपेज आणि फूटपट्टीच 30 पैशांनी हलतेय! म्हणून दुपारनंतरच्या ऑर्डरींसाठी मी टिकवरून बेरीज करतो: प्रत्येक टिकला व्हॉल्यूम जितका वाढला तितका गुणिले शेवटचा भाव. कोटचा आकडा फक्त पडताळणीसाठी. दोन्ही फार लांब गेले तर बहुधा मधे कनेक्शन तुटलेले असते. मग एकाच टिकवर दोन-अडीच हजारांचा व्हॉल्यूम चिकटलेला दिसतो आणि तो सगळा एकाच भावाला मोजला जातो.

एक-मिनिटाच्या कॅंडल्सवरून काढायचा मोह मात्र मी सोडला. हाय, लो, क्लोजची सरासरी गुणिले व्हॉल्यूम हे सूत्र भरपूर उलाढालीच्या शेअरमध्ये खपून जाते. माझ्या या शेअरमध्ये एका मिनिटात 1,800 शेअर 412.50 च्या आसपास फिरले आणि कोणीतरी मोजून दहा शेअर 415 ला उचलले. हाय 415, लो 412.40, क्लोज 412.60. सूत्र म्हणते मिनिटाचा भाव 413.33. दहा शेअरच्या नादी लागून सगळे मिनिट 80 पैशांनी वर!

आता फिल. ऑर्डरच्या चार तुकड्यांचा खिडकीच्या 412.95 शी हिशोब असा:

10:21 ला 200 शेअर 412.40 ला, 110 रुपये वाचले.
10:29 ला 300 शेअर 412.90 ला, 15 रुपये वाचले.
10:41 ला 500 शेअर 414.30 ला, 675 रुपये जास्त गेले.
10:56 ला 200 शेअर 413.20 ला, 50 रुपये जास्त गेले.

बेरीज बरोबर 600. सगळी गोम 10:41 मध्ये आहे. ऑर्डरबुकमध्ये तिथे एकच ओळ दिसते, 500 शेअर, सरासरी 414.30. ट्रेडबुक उघडले तर तिचे तीन सौदे निघाले: 120 शेअर 413.60 ला, 180 शेअर 414.10 ला आणि 200 शेअर 414.90 ला. तिन्ही एकाच सेकंदात. मला आठवतेय, भाव हातातून निसटतोय असे वाटून मी लिमिट काढून मार्केट ऑर्डर टाकली होती. विकणारे थरांनी बसले होते, मी तीन थर खाल्ले. म्हणून सल्ला असा की वहीत ऑर्डरची सरासरी भरू नका, ट्रेडबुकमधला एकेक सौदा भरा. सरासरीत थर दिसत नाहीत.

त्या 675 रुपयांचे मग दोन भाग केले. 10:40 ते 10:45 या पाच मिनिटांचा व्हीवॅप, माझे स्वतःचे 500 शेअर वगळून, 413.50 होता. म्हणजे बाजार तोपर्यंत खिडकीच्या सरासरीहून 55 पैसे वर सरकला होता. 500 शेअरवर 275 रुपये त्या वेळेचे, मी उशिरा आणि चढत्या भावात घेतले म्हणून. उरलेले 80 पैसे, म्हणजे 400 रुपये, थर खाल्ल्याचे. पहिला भाग कधी माझ्या बाजूने पडेल, कधी विरुद्ध. दुसरा मात्र मार्केट ऑर्डर टाकली की दरवेळी विरुद्धच.

‘स्वतःचे शेअर वगळून’ हे मुद्दाम लिहिले. खिडकीत फिरलेल्या 9,600 पैकी 1,200 माझेच होते, साडेबारा टक्के. मी महागात घेतले की व्हीवॅपही थोडा महाग होतो आणि माझी चूक अंशतः फूटपट्टीतच लपते. माझे सौदे काढून व्हीवॅप मोजला तर तो 412.88 येतो आणि स्लिपेज 600 वरून 686 रुपयांवर जाते. मोठ्या शेअरमध्ये हा फरक कानामागे टाका. तिथे 1,200 शेअर म्हणजे दर्यामें खसखस. स्मॉलकॅपमध्ये मात्र सोडू नका. खिडकीचे निम्मे व्हॉल्यूम तुमचेच असेल तर दिसते त्याच्या दुप्पट स्लिपेज झालेले असते.

तरीही खिडकीचा व्हीवॅप सगळे सांगत नाही. 10:20 ला बिड आणि आस्कचा मध्य 412.20 होता. तिथून मोजले तर मला सव्वा रुपया जास्त पडला, 1,200 शेअरवर 1,500 रुपये. त्यातला किती भाग बाजार चढल्याचा आणि किती माझ्या खरेदीने भाव चढल्याचा, हे एका ऑर्डरवरून सांगता येत नाही. म्हणून वहीत तो मध्यही वेगळ्या खान्यात लिहायला लागलोय. ऑर्डर टाकण्याच्या क्षणी तो टिपला नाही तर नंतर हाती लागत नाही.

10:41 चा धडा घेऊन याच आठवड्यात दुसऱ्या एका शेअरची 1,000 ची खरेदी फक्त लिमिटने केली, सतत बिडवर बसून. निकाल सुंदर: खिडकीच्या व्हीवॅपपेक्षा 8 पैसे स्वस्त. मित्राला स्क्रीनशॉट पाठवला. तो या बाबतीत माझ्याहून जुना खेळाडू. त्याचे एका ओळीचे उत्तर आले, ‘‘अरे, पण मिळाले किती?’’

मिळाले होते 700. उरलेल्या 300 ला भाव खाली आलाच नाही, आणि बंद होताना तो माझ्या शेवटच्या बिडपेक्षा 3 रुपये 10 पैसे वर होता. 700 शेअरवर वाचवले 56 रुपये, आणि 300 शेअर मागे राहिल्याचे 930. व्हीवॅपची तुलना झालेल्या फिलशीच होते, न झालेल्याची ती दखलच घेत नाही. त्यातही बिडवर बसणाऱ्याला बहुधा भाव त्याच्याकडे पडतो तेव्हाच फिल मिळतो. चढत्या बाजारात तो बसूनच राहतो. वहीत आता ‘उरलेले’ नावाचा खाना आहे, आणि त्याचा भाव मी बंद भावाने धरतोय. हे बरोबर की दुसऱ्या दिवशी प्रत्यक्ष घेतलेल्या भावाने धरावे, यावर आमचे अजून जमलेले नाही. तो म्हणतो दुसऱ्या दिवसाचा, कारण पैसे खरे तेव्हाच जातात. मला वाटते त्यात रात्रीच्या बातम्यांचा गोंधळ शिरतो.

पुढच्या आठवड्यात तीच रक्कम, पण वेगळ्या पद्धतीने: बिडवर दहा मिनिटे थांबायचे, नाही मिळाले तर आस्कवर जेवढे दिसतात तेवढेच उचलायचे, दुसऱ्या थराला हात लावायचा नाही. सध्या वहीत एकूण 31 ऑर्डरी आहेत. त्यातल्या 19 मध्ये सुरुवातीचा मध्य टिपलेलाच नाही, त्यामुळे त्या तुलनेसाठी फक्त 12 उरतात.