अक्षरं घरीच राहिली

आमच्या गावच्या वाचनालयाच्या वर्धापनदिनाला मला कातळशिल्पांवर बोलायला बोलावलं होतं. कुडोपीच्या सड्यावर मी वर्षानुवर्षं फोटो काढत हिंडतो. २०२२ साली कुडोपीचं नाव युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेलं, तेव्हापासून असल्या बोलावण्यांना जरा जोर आलाय. देवगडात घरी बसून, आठ रात्री जागून तीस स्लाइड केल्या, पेनड्राइव्हवर घेतल्या आणि स्कूटरवरून गेलो.

वाचनालयाच्या संगणकावर फाइल उघडली. पहिल्याच स्लाइडवर मोठ्या अक्षरांत `dksd.k` असं काहीतरी झळकलं. खाली एका ओळीत मावणारं उपशीर्षक दोन ओळींत मोडून फोटोतल्या आकृतीच्या डोक्यावर बसलं होतं. तिसऱ्या स्लाइडवर सहा मुद्द्यांच्या नऊ ओळी झाल्या होत्या आणि शेवटचा मुद्दा पडद्याच्या खाली कुठेतरी निघून गेला होता. पुढच्या रांगेतले एक आजोबा चष्मा पुसून म्हणाले, "ह्यां काय झालां?" ग्रंथपाल बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी पेनड्राइव्हकडे. पेनड्राइव्हचा काही दोष नव्हता, हे नंतर कळलं.

गंमत अशी, की त्या संगणकावर मी मुद्द्यांच्या मजकुरावर क्लिक केलं तर वरच्या चौकटीत फॉन्टचं नाव `Khand` असंच दिसत होतं. म्हणजे सगळं ठीक, असा माझा समज झाला. पण ते नाव फाइलीत लिहिलेलं असतं, फॉन्ट फाइलीत नसतो. एखाद्याने कालवणाची कृती लिहून दिली आणि त्यात "आमच्या घरचा मसाला दोन चमचे" असं लिहिलं, तर करणारी बाई काय करील? आपल्या फडताळात जो असेल तो घालील. संगणकही तेच करतो. खंड हा अंगाने अरुंद, उभट फॉन्ट. तो तिथे नव्हता म्हणून विंडोजने आपल्याकडचा निर्मला लावला. निर्मलाची अक्षरं रुंद, म्हणून ओळ लांबली, लांबली म्हणून मोडली, आणि एक ओळ मोडली की तिच्याखालचं सगळं बिऱ्हाड खाली सरकलं. नाव खरं आहे का हे बघायचं तर चौकटीच्या बाजूचा बाण दाबून यादी उघडावी. यादीत ते नाव नसेल, तर समोर दिसतंय ते दुसऱ्याच कुणाचं अक्षर.

शीर्षकाचं दुखणं मात्र वेगळं होतं. मुद्दे दिसायला बिघडले तरी वाचता येत होते, कारण ते युनिकोडमध्ये होते. युनिकोडमध्ये क म्हणजे क, फॉन्ट कुठलाही असो. शीर्षक मी जुन्या कृतिदेवमध्ये केलं होतं. फ्लेक्स छापणाऱ्या मित्राच्या संगणकावर ती अक्षरं ठसठशीत दिसली, म्हणून त्याच्याकडून उचलली. अशा जुन्या फॉन्टांत चलाखी असते. संगणकाच्या लेखी तिथे इंग्रजी d असतो, फक्त त्या d ला कपडे क चे घातलेले असतात. फॉन्ट नसला की कपडे उतरतात आणि d उघडा पडतो. d म्हणजे क, ks म्हणजे ओकार, पुन्हा d, आणि .k म्हणजे ण. कोकण! मी व्यासपीठावर उभा राहून हे उलगडून सांगितलं असतं तर कातळशिल्पांपेक्षा अवघड लिपी आहे म्हणून लोकांनी टाळ्या वाजवल्या असत्या.

घरी आल्यावर भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, "मामा, मसाला बरोबर न्यायचा." (मसाल्याची उपमा खरं तर त्याची, मी ढापली.) पॉवरपॉइंटमध्ये `File`, मग `Options`, मग `Save`, आणि तिथे खाली `Embed fonts in the file` हा चौकोन. त्याच्याखाली दोन पर्याय. पहिल्यात फक्त वापरलेली अक्षरं फाइलीबरोबर जातात, फाइल लहान राहते. पण ही पुरचुंडी मोजून बांधलेली. समारंभाच्या ठिकाणी कुणी म्हणालं, "भाऊ, अध्यक्षांचं नाव घाला," आणि त्या नावात नवीन अक्षर निघालं, तर पंचाईत. दुसऱ्या पर्यायात सगळी अक्षरं जातात. मी आता दुसराच निवडतो, फाइल थोडी जड झाली तर झाली.

हे करताना पॉवरपॉइंटने मला एक सूचना दाखवली, की काही फॉन्ट फाइलीबरोबर साठवता येणार नाहीत. शोधल्यावर सापडलं: आभाराच्या स्लाइडवरचा सुलेखनाचा एक फॉन्ट. फॉन्टच्या फाइलवर उजवी कळ दाबून `Properties`, मग `Details` उघडलं, की `Font embeddability` अशी ओळ दिसते. माझ्या त्या फॉन्टसमोर `Restricted` होतं, म्हणजे फॉन्ट बनवणाऱ्याने बरोबर न्यायला परवानगी दिलेली नाही. खंडची तशी अडचण नाही, तो मोकळ्या परवान्याचा आहे. आभार मी खंडमध्येच मानले.

पण फॉन्ट बरोबर नेला तरी तिकडे पॉवरपॉइंट हवा. मोबाइलवर किंवा दुसऱ्याच प्रोग्रॅममध्ये फाइल उघडली तर पुरचुंडी सोडली जाईलच असा भरवसा नाही. म्हणून पेनड्राइव्हवर पीडीएफही ठेवली. पीडीएफ म्हणजे शिजवून डब्यात भरलेलं कालवण. ओळ जिथे मोडली तिथेच मोडणार, अक्षर जे आहे तेच दिसणार. मात्र त्यात मीठही वाढवता येत नाही, आणि ॲनिमेशन जातं. माझ्याकडे आधी नुसता कातळ दिसायचा आणि क्लिक केल्यावर आकृतीची पांढरी रेघ उमटायची, तेव्हा लोकांच्या तोंडून "अरे!" निघायचं. पीडीएफमध्ये रेघ पहिल्यापासून ठाण मांडून बसली. मग स्लाइडची नक्कल केली, पहिलीवरची रेघ पुसली, दुसरीवर ठेवली. पान उलटलं की रेघ. "अरे!" परत मिळालं.

कृतिदेवचं शीर्षक मात्र आळसापोटी तसंच ठेवलं. युनिकोडमध्ये नव्याने टाइप करायला दोन मिनिटं लागली असती, पण पीडीएफमध्ये झकास दिसतंय ना, मग कशाला?

महिन्याभराने पंचक्रोशीतल्या एका हायस्कुलात तेच व्याख्यान झालं. पडद्यावर "कोकण" ठळक, उपशीर्षक एका ओळीत, आकृतीचं डोकं मोकळं. एका गुरुजींना कार्यक्रम इतका आवडला की त्यांनी माझी पीडीएफ मागून घेतली, पहिल्या पानावरचा मजकूर कॉपी केला आणि बातमी म्हणून गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. संध्याकाळी फोन उघडला, तर वर `dksd.k`, खाली माझं नाव, आणि त्याखाली मुंबईच्या एका चाकरमान्याचा प्रश्न: "ही खंयची भाषा?"