आमची वाटचाल : तारखांच्या हिशोबातून चोवीस तासांच्या हिशोबाकडं

आमचा धंदा आण्णांनी, म्हणजे माझ्या वडलांनी सुरू केला, ड्रायव्हरसकट गाडी भाड्यानं द्यायचा, लग्नाची वऱ्हाडं, नरसोबाची वाडी, पंढरपूर, गोवा असल्या ट्रिपा. त्यात दिवस मोजायची पद्धत सोपी होती, रात्री 12 ते रात्री 12 एक दिवस. गाडी रात्री 9 ला कावळा नाक्यावरनं निघाली तरी तो दिवस धरायचा, कारण ड्रायव्हर त्या दिवशी दुसरीकडं जाऊ शकत नाही आणि त्याचा भत्ताही तारखेवरच चालतो. गिऱ्हाईकांनाही ते पटायचं, आजही ड्रायव्हरवाल्या गाड्यांचं आम्ही तसंच धरतो.

नंतर मी सेल्फ ड्राइव्ह सुरू करायचं ठरवलं. इथं एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. स्वतः चालवायला भाड्यानं द्यायच्या गाडीला काळी पाटी आणि पिवळी अक्षरं लागतात, आणि त्याचं लायसन 1989 च्या रेंट अ कॅब स्कीमखाली निघतं ज्यात किमान 50 गाड्यांची अट आहे. आमच्यासारख्या छोट्या फर्मला 50 गाड्या कुठनं आणायच्या? म्हणून लायसन असलेल्या एका ऑपरेटरच्या गाड्या कोल्हापुरात चालवायला घेतल्या, बुकिंग, गाडी देणं-घेणं आणि बिल आमच्याकडं. घरच्या पांढऱ्या पाटीच्या गाड्या भाड्यानं द्यायच्या नाहीत हे आण्णांनी पहिल्यापासनं ठणकावून सांगितलं होतं आणि ते आम्ही पाळतो.

सेल्फ ड्राइव्हमध्ये दिवस म्हणजे गाडी हातात पडल्यापासनं 24 तास. शनिवारी संध्याकाळी 7 ला किल्ली घेतली तर पहिला दिवस रविवारी संध्याकाळी 7 ला संपतो, मधी तारीख बदलली त्याचा काही संबंध नाही. गाडी चालवणारा तुम्हीच असताय, ड्रायव्हरचा भत्ता नाही, मग रात्री 12 ला दिवस तोडायचं कारणच उरत नाही. ह्यात गिऱ्हाईकाचा फायदा असतो ओ, शनिवारी संध्याकाळी 7 ते सोमवारी संध्याकाळी 7 हे तारखांनी तीन दिवस होतात पण आमच्याकडं दोनच. तरीपण सगळ्यात जास्त वाद ह्याच हिशोबावरनं व्हायचे, कारण लोक डोक्यात तारखा किंवा रात्री मोजतात आणि घड्याळ कोण बघतच नाही.

एक केस नीट सांगतो, म्हणजे सगळं लक्षात येईल. मुंबईचे एक काका, रिटायर्ड, सोबत काकू आणि लेक-जावई, महालक्ष्मी एक्सप्रेसनं सकाळी उतरणार आणि अंबाबाईचं दर्शन घेऊन गणपतीपुळ्याला जाणार. बुकिंग शुक्रवार सकाळी 9 चं, गाडी स्टेशनवर द्यायची. त्या दिवशी रेल्वेला उशीर झाला, किल्ली हातात दिली तेव्हा 9 वाजून 40 मिनिटं झाली होती. आम्ही ताबापावतीवर 9:40 लिहिलं आणि काकांची सही घेतली. हा आमचा पहिला नियम, रेल्वे लेट असेल किंवा आमच्याकडनं उशीर झाला असेल तर घड्याळ किल्ली दिल्यापासनं सुरू. गिऱ्हाईक हॉटेलवर आरामात आवरत बसलं आणि आमचा पोरगा गाडी घेऊन खाली उभा असेल तर मात्र बुकिंगच्या वेळेपासनं, कारण गाडी अडकून पडलेली असते.

गाडी परत आली सोमवारी दुपारी 1 वाजून 25 मिनिटांनी. आता मोजा. शुक्रवार 9:40 ते शनिवार 9:40 एक, रविवार 9:40 दोन, सोमवार 9:40 तीन. वर राहिले 3 तास 45 मिनिटं. काका म्हणाले तीन दिवसांचंच बिल पाहिजे, कारण आम्ही तीन रात्री राहिलो. जावई म्हणाले, शुक्रवार शनिवार रविवार सोमवार म्हणजे तुम्ही चार दिवसांचं लावणार, ते आम्ही देणार नाही. दोघंही प्रामाणिकपणे बोलत होते आणि दोघांचंही उत्तर आमच्या बिलाशी जुळत नव्हतं.

आमचा दर त्या गाडीला 24 तासाला 2400 रुपये होता आणि वरच्या प्रत्येक तासाला 400. पूर्ण तीन दिवसाचे 7200, वरचे 3 तास 45 मिनिटं म्हणजे चौथा तास सुरू झालेला, म्हणून चार तासाचे 1600. एकूण 8800. तासाचा दर दिवसाच्या सहाव्या हिश्श्याचा ठेवलाय तो मुद्दाम, म्हणजे सहावा तास सुरू झाला की 2400 होतात आणि तिथनं पुढं कितीही तास झाले तरी एका पूर्ण दिवसापेक्षा जास्त लागत नाही. ही वरची मर्यादा नसली तर दहा तास उशीर करणाऱ्याला 4000 पडतील आणि पूर्ण दिवस वाढवून घेणाऱ्याला 2400, असला उलटा हिशोब कुणालाच पटणार नाही. काही ठिकाणी तासाचा दरच नसतो, वर थोडं गेलं की सरळ अख्खा दिवस लावतात, तसं केलं असतं तर काकांचं बिल 9600 झालं असतं. मी काकांना कागदावर ही 9:40 ची उतरंड काढून दाखवली, त्यांनी स्वतः बोटानं मोजलं आणि पैसे दिले.

ग्रेसबद्दल पण सांगायला पाहिजे कारण तिथं गफलत होती. आम्ही 59 मिनिटांची सूट देतो. काका 10:30 ला आले असते, म्हणजे 50 मिनिटं उशिरा, तर वरचं काहीच लागलं नसतं, 7200 मध्ये विषय संपला असता. पण 10:45 ला आले असते तर 65 मिनिटं झाली, आणि मग मोजणी 9:40 पासनंच होते, सूट वजा करून नाही. म्हणजे दुसरा तास सुरू, 800 रुपये. सहा मिनिटांच्या फरकानं शून्याचे 800 होतात हे गिऱ्हाईकाला टोचतं हे मला मान्य आहे. पण सूट ही ट्रॅफिकसाठी, पेट्रोल पंपावरच्या लाइनीसाठी आहे, ती दिवसात धरली तर उद्या दिवस 25 तासांचा होतो आणि पुढचं बुकिंग अडकतं. म्हणून आता परतीच्या वेळेच्या दोन तास आधी आम्ही व्हॉट्सॲपवर मेसेज टाकतो, त्यात वेळ आणि सूट किती वाजता संपणार ते सरळ लिहिलेलं असतं. त्यानंतर ह्यावरनं भांडण जवळजवळ बंदच झालं.

दिवस वाढवून घेताना पण लोक चुकतात. शनिवारी संध्याकाळी 7 ला दोन दिवसासाठी गाडी नेलेला एक पोरगा गोव्यातनं सोमवारी सकाळी 11 ला फोन करतो, "दादा अजून एक दिवस ठेवू का?" आणि त्याला वाटतं मंगळवारी 11 पर्यंत. तसं नाय, वाढीव दिवस आधीच्या दिवसाला जोडला जातो, मंगळवारी संध्याकाळी 7 पर्यंत गाडी त्याची. आणि हाच फोन सोमवारी रात्री 9 ला आला तरी उत्तर तेच, मंगळवार संध्याकाळी 7, फोनच्या वेळेपासनं नवीन घड्याळ सुरू होत नाही. मधी गाडी बिघडली आणि आम्ही दुसरी दिली तरी पण मूळ वेळ तीच राहते, फक्त गाडी बंद पडून जे तास गेले ते शेवटी जोडून देतो.

हिशोबाचं शीट आण्णांच्या वेळचं होतं, एक्सेलमध्ये तारखा वजा करून एक मिळवायचा. ते ड्रायव्हरच्या गाडीला बरोबर, सेल्फ ड्राइव्हला त्यातनं काकांचे चार दिवस निघाले असते. म्हणून नवीन शीट केलं. A2 मध्ये ताब्याची तारीख आणि वेळ, B2 मध्ये परतीची, आणि मग हे.

```
C2: =ROUND((B2-A2)*1440,0)
D2: =INT(C2/1440)
E2: =C2-D2*1440
F2: =IF(E2<=59,0,MIN(6,ROUNDUP(E2/60,0)))
G2: =MAX(2400,D2*2400+F2*400)
```

C2 मध्ये एकूण मिनिटं येतात, काकांच्या केसमध्ये 4545. D2 पूर्ण दिवस 3, E2 वरची मिनिटं 225, F2 तास 4, G2 8800. सुरुवातीलाच मिनिटं करून राउंड करतोय ते उगाच नाही. एक्सेल वेळ ही दिवसाच्या अपूर्णांकात साठवतं, त्यामुळं बरोबर 48 तासाची वजाबाकी कधी कधी 2 च्या केसभर वर किंवा केसभर खाली येते, स्क्रीनवर 2 च दिसतं, पण त्याच्यावर सरळ ROUNDUP लावला तर तिसरा दिवस लागू शकतो आणि सरळ INT लावला तर एकच दिवस निघू शकतो. वेळेवर गाडी आणून देणाऱ्या माणसाला जास्तीचं बिल जाणं ह्यासारखं वाईट काही नाही. शेवटचा MAX एवढ्यासाठी की दोन-तीन तासांत गाडी परत आली तरी कमीत कमी एक दिवस लागतो.

वेळ लिहायची पद्धत पण बदलली. "शनिवारी रात्री 12" असं बुकिंग आता आम्ही घेतच नाही, कारण कुणाला ते शुक्रवार संपतानाचं वाटतं आणि कुणाला शनिवार संपतानाचं, सगळा एका दिवसाचा घोळ. शनिवार 00:15 नाहीतर शनिवार 23:45, काय ते सांगा म्हणतो.

आता राजारामपुरीतल्या ऑफिसात बुकिंग घेणारी पोरगी पहिला प्रश्न "किती दिवस पाहिजे" असा विचारतच नाही. किती वाजता नेणार आणि किती वाजता आणणार विचारते, आणि दिवस ती स्वतः सांगते. मुंबईकडनं महालक्ष्मीनं सकाळी येऊन तिसऱ्या दिवशी रात्रीच्याच महालक्ष्मीनं जाणारे खूप असतात, सकाळी 8 ते तिसऱ्या दिवशी रात्री 8, म्हणजे 60 तास, दोन दिवस आणि वर 12 तास, मर्यादेमुळं तीन दिवसांचे 7200. त्यांना ती आधीच सांगते की पहिल्या दिवशी देवळात आणि रंकाळ्यावर रिक्षानं फिरा, गाडी दुपारी 2 ला घेतली तर वरचे सहाच तास होतात पण पैसे तेवढेच लागतात, त्यापेक्षा संध्याकाळी 7 ला घ्या की, 49 तास होतील. मग ती हे पण सांगते की 49 तास म्हणजे वरची बरोबर 60 मिनिटं, सूट 59 चीच आहे, तेव्हा गाडी 8 च्या पाच मिनिटं आधी स्टेशनवर आणा, दोन दिवसांचे 4800 च पडतील.