नान तव्याला का चिकटेना: चौथी ते सातवी खेप

चौथ्या खेपेला नानाची वरची बाजू ज्वाळेवर शेकायला तवा आचेवर पालथा केला आणि नान थेट बर्नरवर. भोकांत बसलेलं पीठ टाचणीने कोरण्यात रविवारची संध्याकाळ गेली.

पीठ नेहमीचंच होतं: पाव किलो मैदा, ३ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, ५ ग्रॅम मीठ, चमचाभर साखर, दोन मोठे चमचे दही, थोडं तेल आणि १३० मिली पाणी. दीड तास झाकून ठेवलं, मग सहा लाट्या केल्या. पीठ घट्ट झालं असावं म्हणून पाचव्या खेपेला पाणी १४५ मिली केलं. नान मऊ झाला, पण तोही पडला, फक्त जरा उशिरा.

मग तव्याकडे बघितलं. तो आमचा डोशांचा बिडाचा तवा, वर्षानुवर्षं तेल मुरलेला. डोसा अलगद सुटतो म्हणून त्याचं घरात कौतुक, आणि नानाला नेमकं तेच नडत होतं. पाणी लावलेली बाजू तापलेल्या लोखंडावर पडली की मैद्याची खळ होते आणि ती नान धरून ठेवते. मध्ये तेलाचा थर असला तर खळ धरणार कशाला? नॉनस्टिकचा तर विचारच नको. चिकटणार नाहीच, वर रिकामा कोटिंगचा तवा ज्वाळेवर धरायचा.

सहाव्या खेपेला पोळ्यांचा दांड्याचा लोखंडी तवा साबणाने घासून घेतला. पहिला नान छान बसला. दुसऱ्याची एक कड सुटून लोंबायला लागली. काढून बघितलं तर त्या कडेखाली पांढरी पिठी! लाटताना भुरभुरलेली, झटकायची राहिलेली.

त्यामुळे सातव्या खेपेचा क्रम असा: तवा मोठ्या आचेवर चार मिनिटं. नान लाटून पिठी झटकायची, एका बाजूला ओल्या तळव्याने पाणी फासायचं, कडांना विसरायचं नाही. ओली बाजू खाली टाकून कडा बोटांनी पटकन दाबायच्या. वर फोड उठेपर्यंत, साधारण मिनिटभर, थांबायचं. घाई केली की खळ कच्ची राहते. मग तवा पालथा करून ज्वाळेपासून चार बोटं वर फिरवत राहायचा. फोडांवर काळे ठिपके आले की तवा सरळ करून नान उलथण्याने खरवडून काढायचा. तळ शेकला की तो बहुधा आपणच सुटतो. सहापैकी सहा टिकले. (मनगट मात्र दुखतंय.)

तशाच पिठाचे दोन कुलचे ओव्हनमध्ये केले, २५० अंशांवर, पालथी लोखंडी कढई पाऊण तास तापवून तिच्या पाठीवर. चार मिनिटांत फुगले. रंग यावा म्हणून आणखी तीन मिनिटं ठेवले तर कडा खारीसारख्या कुरकुरीत झाल्या. पुढच्या वेळी चार मिनिटांनी काढून रंगापुरते थेट आचेवर धरणार.