सातबाऱ्यावर नसलेला शब्द

तालुक्याच्या गावी माझी वकिली आहे आणि त्यात निम्मं काम जमिनीच्या मालकीचे जुने कागद शोधून तपासण्याचं. येणारा पक्षकार बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच शेतजमीन घेत असतो. त्याच्या हातात मोबाईलवरून काढलेला सातबारा असतो आणि त्यावरचे निम्मे शब्द त्याला कळलेले नसतात. म्हणून मी नव्या ज्युनिअरला सांगितलं होतं की एक पानभर शब्दार्थ लिहून काढ. नुसता अर्थ नको, तो शब्द उताऱ्यावर दिसला तर पुढे कुठला कागद काढायचा, तेही समोर लिही. तिचं पान तयार झालं त्याच दिवशी एक पक्षकार पुढच्या सोमवारी इसार द्यायचा म्हणून घाईघाईने आला. म्हटलं, बघू या, तुझं पान घेऊन तूच वाच.

उतारा वरवर अगदी स्वच्छ होता. भोगवटादार वर्ग 1. तिने पानावर लिहिलंच होतं की या जमिनीच्या विक्रीला शासनाच्या परवानगीची अट नसते. वर्ग 2 असता तर जमीन मुळात कशी मिळाली ते बघावं लागलं असतं. सरकारी वाटपाची, वतनाची, की कुळाला कुळकायद्याने मिळालेली, यावर परवानगी आणि नजराणा ठरतो. तो प्रश्न इथे नव्हता. पक्षकार स्वतः शेतकरी कुटुंबातला होता, वडिलांच्या नावाचा उतारा जोडलेला होता, तेव्हा बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेता येत नाही ही अडचणही नव्हती.

मग क्षेत्र. लागवडीयोग्य 1 हेक्टर 62 आर, पोटखराबा 14 आर, एकूण 1 हेक्टर 76 आर. विकणारा भाव लावत होता चार एकर चौदा गुंठ्यांना. ज्युनिअरने कॅल्क्युलेटरवर करून बघितलं : 1.62 हेक्टर म्हणजे जवळजवळ नेमके चार एकर, आणि वरचे चौदा गुंठे म्हणजेच पोटखराबा. पोटखराब्यातही दोन वर्ग असतात. 'अ' म्हणजे खडक, नाला वगैरेंमुळे पिकाला न आलेली जमीन. ती निदान ताब्यात तरी राहते. 'ब' म्हणजे रस्ता, कालवा अशा सार्वजनिक वापरासाठी राखलेली. इथे 'ब' होता. शेताच्या कडेने जाणाऱ्या गावरस्त्याचे पैसे पक्षकार भरणार होता. त्याचा चेहरा तेवढ्यानेच उतरला. मला मात्र हे किरकोळ वाटलं, भावात बसवता येण्यासारखं.

इतर हक्काच्या रकान्यात सोसायटीचा एक बोजा होता. कर्ज फिटल्याचा दाखला आणायचा, बोजा कमी केल्याची नोंद करून घ्यायची, मग खरेदी. इथपर्यंत पानाने सगळं निभावलं.

भोगवटादाराच्या नावाशेजारी फेरफाराचे क्रमांक असतात. नवखा माणूस त्यांच्याकडे बघतही नाही, आणि खरी जमीन तिथेच असते. सातबारा आज कोणाचं नाव लागलंय ते सांगतो. ते नाव का लागलं, हे गाव नमुना 6 मध्ये, म्हणजे फेरफाराच्या नोंदवहीत असतं. नोंद धरली की हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीला पंधरा दिवस मिळतात, मग मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतात. मी सांगितलं, आता मागे मागे जायचं, आणि मध्येच थांबायचं नाही.

पहिला फेरफार 2009 चा, वारसाचा. वडील वारले, विकणारा आणि त्याची बहीण लागले. त्यानंतरच्या नोंदीत बहिणीने हक्कसोड केलेली, दस्त नोंदणीकृत. चोख काम. वडिलांच्या नावाच्या मागे जायला गेलो तर गट नंबरच संपला. गावात विखुरलेले तुकडे जोडून गट पाडणारी एकत्रीकरण योजना झालेली होती, तोवर जमिनीला सर्व्हे नंबर होते. जुना नंबर नव्या गटाला जुळवायचा तर भूमी अभिलेख कार्यालयातून एकत्रीकरणाचे 9(3), 9(4) चे उतारे काढावे लागतात. ते आल्यावर तहसीलच्या अभिलेख कक्षात जुन्या नंबरावर नकलेचा अर्ज टाकला.

दुपारी चारच्या सुमारास 1971 चा फेरफार हाती आला. शाईने लिहिलेला, कडा खाल्लेला, पण अक्षर टपोरं. आजोबा मयत, वारस तीन मुलगे, एक मुलगी. आणि खाली : थोरल्या मुलाचे नाव 'ए.कु.मॅ.' म्हणून दाखल केले.

ज्युनिअरने आपलं पान वरपासून खालपर्यंत पाहिलं. "सर, हे माझ्याकडे नाहीच." असणार कसं? तिने आजचे उतारे समोर ठेवून शब्द गोळा केले होते. ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. त्या काळी सगळ्या भावांची नावं लावण्याऐवजी थोरल्याचं एक नाव लावायची पद्धत होती. तो सगळ्यांच्या वतीने धरणारा, एकटा मालक नव्हे. जुन्या सातबाऱ्यावर नावापुढे ती तीन अक्षरं असत. गट पडले, नवे उतारे लिहिले गेले, तेव्हा नाव उतरलं आणि अक्षरं गळली. 2009 मध्ये मॅनेजर वारला, तेव्हा तलाठ्यासमोर फक्त एक नाव होतं, त्यामुळे वारस लागले ते फक्त त्याचेच. दोन भावांच्या शाखा आणि बहिणीची शाखा कागदावरून निघून गेली, आणि त्यासाठी कोणाला खोटं बोलावंही लागलं नाही.

विकणाऱ्याला बोलावलं. तो चिडला नाही, उलट गोंधळला. "वकीलसाहेब, चुलत्यांना वरचं रान दिलंय ना. सगळ्या गावाला माहितीय."

"वाटप कुठे लिहिलंय का? तहसीलदारांचा आदेश, नोंदणीकृत वाटपपत्र, काही?"

"तोंडीच झालं. आमच्या आजीसमोर."

त्याचं खरं असू शकतं. तोंडी वाटप झालेलं असतं, माणसं वर्षानुवर्षं त्याप्रमाणे कसत असतात. म्हणून चुलत्यांच्या नावचे आठ-अ काढले. खातेदाराची त्या गावातली सगळी जमीन आठ-अ वर एकत्र दिसते. वरचं रान एका चुलत्याच्या नावावर होतं खरं, पण त्याचा फेरफार काढला तर ते खरेदीने आलेलं निघालं. म्हणजे वाटपाचा पुरावा म्हणून त्याचा उपयोग शून्य.

पक्षकाराने विचारलं, "पण सातबारा तर यांच्या एकट्याच्या नावावर आहे ना?" आहे. महसूल कायद्याच्या कलम 157 प्रमाणे ती नोंद, उलट सिद्ध होईपर्यंत, खरी मानली जाते. अडचण एवढीच की उलट सिद्ध करणारा कागद त्याच महसूल दप्तरात, आणि आता आमच्या टेबलावर होता. हे माहीत असताना घेतलेल्या खरेदीदाराला पुढे 'मी अजाण होतो' असं कोर्टात म्हणता येत नाही.

मी दोनच वाटा सांगितल्या. तिन्ही शाखांतले सगळे वारस खरेदीखतावर संमती देणारे म्हणून सह्या करतील, नाहीतर आधी नोंदणीकृत वाटप करून विकणाऱ्याच्या वाट्याला येईल तेवढीच जमीन घ्यायची. वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देऊन भागवू या, असं मध्यस्थ म्हणाला. नोटिशीने न लिहिलेला हिस्सा नाहीसा होत नाही, हे त्याला पटवायला बराच वेळ गेला, आणि मला वाटतं पटलं नाहीच.

एका चुलत्याची मुलं सह्या करायला तयार झाली. दुसऱ्याच्या मुलींनी नकार दिला. 1971 च्या फेरफाराची नक्कल मिळताच त्यांनी 2009 च्या वारस नोंदीविरुद्ध कलम 247 खाली प्रांतांकडे अपील केलं, उशीर माफ करण्याचा अर्ज जोडून. प्रांत फार तर नावं लावायची की नाही एवढं ठरवतील. हिस्सा किती, तोंडी वाटप झालं होतं का, हे दिवाणी कोर्टातच जाणार. पक्षकाराने इसार दिला नाही, दुसरीकडे जमीन बघतोय. ज्युनिअरने पानावर ए.कु.मॅ. घातलं आणि समोर लिहिलं : एकत्रीकरणाआधीचे सगळे वारस फेरफार.