एका वाक्यापायी गेलेले तीन आठवडे

प्रिय ऋतू,

परवा फोनवर दुरखीम कळत नाही म्हणून अगदी रडवेली झाली होतीस, म्हणून लिहायला बसले. या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाच्या 'समाजशास्त्रीय पद्धतीचे नियम'मधलं पहिलं प्रकरण मलाही पहिल्याच सत्रात होतं. पंधरा-वीस पानं, पण त्यात माझे तीन आठवडे गेले. अजूनही त्या झेरॉक्सचा राग येतो. निम्म्याहून जास्त ओळी मी पिवळ्या केल्या होत्या.

अडले कुठे, तर अगदी सुरुवातीला. तिथे म्हटलंय की समाजात सर्वत्र आढळणाऱ्या जवळजवळ सगळ्याच गोष्टींना 'सामाजिक तथ्य' म्हणतात. मी लगेच वहीत उतरवलं : सर्वत्र आढळतं ते सामाजिक तथ्य. वर्गात ते ऐटीत वाचूनही दाखवलं. सर म्हणाले, "हे त्याचं मत नाही, तो इतरांचं सांगतोय. पुढचं वाक्य वाच." पुढे होतं की माणसं खातात, पितात, झोपतात, विचार करतात, हेही सामाजिक धरलं तर समाजशास्त्राला स्वतःचा विषयच उरत नाही. म्हणजे मी खोडलेलं मत पाठ करत होते!

त्यात शेवटाकडे तो व्यापकता, म्हणजे तेच सर्वत्र आढळणं, परत आणतो. मी म्हटलं, आता हे काय? आत्ताच तर नाकारलीस ना! इथे मी चार दिवस अडकले. मग अहेरावरून उलगडलं. झोप सगळ्यांनाच लागते; तू रात्रभर जागलीस तर कुणी रुसणार नाही. पण मावशीच्या घरच्या लग्नाला रिकाम्या हाताने जाऊन बघ. पत्रिकेत 'कृपया अहेर आणू नये' छापलेलं असूनही आई पर्समध्ये पाकीट ठेवतेच. हा दबाव आईने निर्माण केलेला नाही, तो तिच्या आधीपासूनचा आहे आणि मोडायला गेलं की जाणवतो. दुरखीमच्या मते असा बाहेरून दबाव टाकतं ते सामाजिक तथ्य. व्यापकतेबद्दल त्याचं म्हणणं एवढंच : ती रीत सर्वत्र आहे म्हणून सामूहिक नाही, सामूहिक आहे म्हणून सर्वत्र आहे. व्यापकता ही खूण, कारण नव्हे.

दबाव म्हणजे फक्त शिक्षा असंही समजू नकोस. भाषा आणि चलन ही उदाहरणं त्यानेच दिलीत. मराठी बोलायची सक्ती तुला कुणी केलेली नाही, पण दुसरी भाषा बोललीस तर भाजीवाल्याशी व्यवहार अडतो.

तेव्हापासून मी शिसपेन्सिलीने समासात 'त्या' किंवा 'इ' लिहिते : त्याचं मत, इतरांचं मत. पिवळा पेन फेकून दिला. आणि हो, आधी प्रकरणाचं शेवटचं पान वाच, व्याख्या तिथेच आहे. दुसऱ्या आवृत्तीची १९०१ची प्रस्तावना पुस्तकात सुरुवातीलाच छापलेली असते, पण ती आक्षेपांना दिलेली उत्तरं आहेत. ती सगळ्यात शेवटी घे. मी तिथूनच सुरुवात केली होती. मूर्खपणा!

दिवाळीला येशील तेव्हा तुझी झेरॉक्स घेऊन ये, पिवळी न केलेली.

तुझी,
ताई